सिलिका प्लेटवरचा आरएफ: जर्नलमध्ये कोणते स्पष्टीकरण लिहावे?

थिन लेयर क्रोमॅटोग्राफीत सिलिकेचा थर दिलेल्या प्लेटवर द्रावक वर चढताना ध्रुवीय पदार्थाचा ठिपका खाली राहतो आणि अध्रुवीय पदार्थाचा वर चढतो, इथपर्यंत सर्वांचे जर्नल सारखेच असते. फरक पडतो तो 'कारण' लिहिताना. तेथे दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. पहिले असे, की सिलिका ध्रुवीय असल्याने ती ध्रुवीय पदार्थाला आपल्याकडे ओढते आणि हेक्झेनसारखे द्रावक अध्रुवीय पदार्थाला आपल्याबरोबर वर नेते. दुसरे असे, की सिलिकेच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गटांच्या, म्हणजे सिलिकॉनला जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटांच्या, मोजक्या जागा असतात, त्या जागांसाठी पदार्थाचे रेणू आणि द्रावकाचे रेणू यांच्यात सतत चढाओढ चालते, आणि जो रेणू जागा अधिक काळ धरून ठेवतो त्याचा आरएफ, म्हणजे ठिपक्याने कापलेल्या अंतराचे द्रावकाने कापलेल्या अंतराशी गुणोत्तर, कमी येतो. मी दोन्ही लिहून पाहिली आहेत.

पहिले स्पष्टीकरण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ते दोन ओळींत मावते आणि बायफिनाइल व बेंझोफिनोन एवढीच तुलना असेल तर पुरतेही. मला ते सोडावे लागले ते पावसाळ्यामुळे. जुलैमधल्या एका प्रॅक्टिकलला प्लेटचे खोके रात्रभर उघडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच द्रावकात सगळेच ठिपके नेहमीपेक्षा वर गेले. पाणी तर अत्यंत ध्रुवीय. मग पहिल्या स्पष्टीकरणानुसार ओलसर प्लेट अधिक ध्रुवीय व्हायला हवी आणि ध्रुवीय पदार्थ तिने अधिक घट्ट धरायला हवा. प्रत्यक्षात घडले नेमके उलटे. द्रावक चुकीचे मिसळले असावे असे समजून मी ते दोनदा नव्याने बनवले, तरी फरक पडला नाही. शेवटी त्याच खोक्यातली एक प्लेट 110 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवली, डेसिकेटरमध्ये थंड केली आणि न तापवलेल्या प्लेटबरोबर चालवली, तेव्हा तापवलेल्या प्लेटवरचे ठिपके पुन्हा खाली आले. हवेतल्या बाष्पाने सिलॅनॉलच्या जागा आधीच अडवल्या होत्या, त्यामुळे पदार्थाला धरायला जागाच कमी उरली होती. हे उत्तर दुसऱ्या स्पष्टीकरणातून सहज मिळते. पहिल्यातून ते काढता येते असे मला तरी वाटत नाही. (दमट हवेत तापवलेली प्लेटही काही मिनिटांत पुन्हा ओलावा धरते, म्हणून ठिपके देताना रेंगाळू नये.)

दुसरा अनुभव बेंझोफिनोनचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून बेंझहायड्रॉल बनवण्याच्या प्रयोगातला. हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेट यांच्या 4:1 मिश्रणात द्रावकाची आघाडी आरंभरेषेपासून 6.0 सेंमी चढली होती. तुलनेसाठी ठेवलेले बायफिनाइल 4.8 सेंमीवर, बेंझोफिनोन 3.3 सेंमीवर आणि बेंझहायड्रॉल 1.8 सेंमीवर आले, म्हणजे आरएफ अनुक्रमे 0.80, 0.55 आणि 0.30. आता केवळ द्विध्रुव आघूर्ण पाहिले तर बेंझोफिनोनचे सुमारे 3 डिबाय असते आणि अल्कोहोलचे त्याहून बरेच कमी, त्यामुळे 'जास्त ध्रुवीय तो खाली' हा नियम शब्दशः घेतला तर कीटोन खाली राहायला हवा होता. तो वर गेला, कारण कीटोनचा ऑक्सिजन सिलॅनॉलकडून हायड्रोजन बंध फक्त स्वीकारतो, तर अल्कोहोलचा हायड्रॉक्सिल गट तो स्वीकारतो आणि देतोही. बायफिनाइलकडे असा गटच नाही. त्याच्या वलयांची सिलॅनॉलशी होणारी आंतरक्रिया दुर्बल असते. आरएफ 0.30 याचा अर्थ, ढोबळपणे, बेंझहायड्रॉलचा रेणू एकूण वेळेच्या तीन दशांश भागच द्रावकाबरोबर पुढे सरकत होता आणि उरलेला वेळ सिलिकेला चिकटून होता.

इथाइल अॅसिटेटचे प्रमाण वाढवले की तिन्ही ठिपके वर सरकतात, हेही चढाओढीच्या भाषेत सोपे होते: इथाइल अॅसिटेटचा कार्बोनिल गट स्वतःच सिलॅनॉलला बिलगतो आणि पदार्थाला जागेवरून हटवतो. नुसत्या हेक्झेनला ते जमत नाही, म्हणून त्यात बेंझहायड्रॉल आरंभरेषेवरच बसून राहते.

दुसऱ्या स्पष्टीकरणाची मर्यादा अशी, की त्यावरून आरएफचा आकडा आधी सांगता येत नाही. फक्त क्रम सांगता येतो, आणि रेणूत अनेक गट असतील किंवा त्यांपैकी एखादा आतल्या आत हायड्रोजन बंधात अडकलेला असेल तर तोही जपूनच सांगावा लागतो. लिहायलाही ते थोडे लांबते. तरीही निवड करायचीच असेल तर माझा कल त्याच बाजूला आहे. जर्नलमध्ये मी असे लिहीन: 'बेंझहायड्रॉलचा हायड्रॉक्सिल गट सिलॅनॉलशी बेंझोफिनोनच्या कार्बोनिलपेक्षा बळकट हायड्रोजन बंध करतो आणि इथाइल अॅसिटेट त्याला त्या जागेवरून कमी प्रमाणात हटवू शकते, म्हणून त्याचा आरएफ कमी आहे.' त्याखाली द्रावकाचे प्रमाण आणि प्लेट तापवली होती की नाही हे जरूर नोंदवावे, कारण त्या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय 0.30 हा आकडा दुसऱ्या कोणाच्या प्लेटशी ताडून पाहता येत नाही.