सेकंडहँड आरटीएक्स ३०७०: परभणीच्या उन्हाळ्यासकट सहा महिन्यांचा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका गेमिंग कॅफेवाल्याकडून हे ग्राफिक्स कार्ड घेतलं. कॅफे बंद होत होता, त्यामुळे कार्ड दिवसभर तापलेलं असणार हे गृहीत होतं. "भाऊ, तासभर चालवून बघा, मगच पैसे द्या," असं तो स्वतःच म्हणाला, म्हणून सौदा पटला. चालवून बघताना मी एफपीएसपेक्षा HWiNFO मधल्या दोन आकड्यांवर नजर ठेवली. कोरचं तापमान ७६ अंश होतं आणि हॉटस्पॉट १०४. या दोघांत साधारण १० ते १५ अंशांचा फरक असतो. २८ म्हणजे चिपवरची पेस्ट वाळलेली. कार्ड मरायला टेकलंय असा त्याचा अर्थ नाही, पण भाव पाडायला मुद्दा चांगला मिळतो. घरी आणून पेस्ट आणि थर्मल पॅड बदलले, फरक १३ वर आला. या कार्डवर मेमरीचं तापमान सेन्सरमध्ये दिसतच नाही, त्यामुळे जुनं असेल तर पॅड बदलूनच टाकलेले बरे.

आता गेमचं. माझा मॉनिटर १४४०पी आहे आणि प्रोसेसर रायझन ५ ५६००. चिपमध्ये दम अजून भरपूर आहे, अडतं ते ८ जीबी मेमरीवर. हे सगळ्यात स्वच्छ दिसलं 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'मध्ये. सुरुवातीचा भाग ७०च्या आसपास मस्त चालला. व्हॅटिकनमध्ये पोहोचलो आणि एफपीएस थेट १२-१५ वर. गंमत म्हणजे कार्डचा वापर ९९ टक्केच दिसत होता, पण वीज मात्र २०० वॉटवरून ११० वर घसरली होती. खूण हीच. चिप काम करत नसते, वाट बघत असते. कार्डची मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून तो पीसीआय एक्सप्रेसच्या चिंचोळ्या वाटेने आणावा लागतो. टास्क मॅनेजरमध्ये Shared GPU memory चा आकडा वर चढताना दिसला, मग शंकाच उरली नाही.

अशा वेळी माणूस आधी सावल्या कमी करतो, रिझोल्यूशन कमी करतो. फरक पडतो, पण थोडाच. खरी मेख Texture Pool Size या सेटिंगमध्ये आहे. टेक्स्चरसाठी किती मेमरी राखून ठेवायची ते इथे ठरतं. High वरून Medium केलं, गेम बंद करून पुन्हा सुरू केला आणि त्याच चौकात पुन्हा ६५-७०. दूरच्या भिंती जरा पुसट दिसतात, जवळचं जवळपास तसंच राहतं. मे २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'मध्येही टेक्स्चर पूलचं असंच सेटिंग आहे, तिथे आधीच खाली ठेवलं, डीएलएसएस क्वालिटीवर ६० सहज मिळाले.

'क्लेअर ऑब्स्क्युर'ची अडचण उलटी. तिथे मेमरी पुरते, चिपला घाम फुटतो. High आणि डीएलएसएस क्वालिटीवर ५० ते ६०. लढाई आळीपाळीची असली तरी वार चुकवायला वेळ अचूक साधावी लागते, म्हणून मी ते ५० वर लॉक करून खेळलो. एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन ३० मालिकेवर नाही. एएमडीचं काही गेममध्ये चालतं, पण तेही मेमरीतच वाटा मागतं, म्हणजे जिथे गरज तिथेच पंचाईत.

उन्हाळ्यात वेगळीच कटकट. एप्रिलपासून खोलीच ३८ अंशांच्या वर, आणि लाइटचा भरवसा नाही म्हणून ६०० व्हीए यूपीएस लावलेला. तो जेमतेम ३६० वॉटचा. गेममध्ये जोरदार स्फोट झाला की यूपीएस ओरडायचा आणि लाइट जायच्या क्षणी पीसीही जायचा. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे दिलं:

```
nvidia-smi -pl 170
```

कार्डची मर्यादा २२० वॉटवरून १७० वर आली. एफपीएस पाच-सहाच कमी झाले, यूपीएस गप्प झाला आणि भर मेमध्ये कोर ७४ वर राहिला. रीस्टार्ट केल्यावर ही मर्यादा पुसली जाते, म्हणून टास्क शेड्युलरमध्ये टाकून ठेवली आहे. कूलरसमोर पीसी ठेवायचा मोह मात्र टाळा. वाऱ्याबरोबर ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

आज याच भावात १२ जीबीचं आरएक्स ६७०० एक्सटी मिळालं तर मी ते घेईन, डीएलएसएस नसलं तरी. पण नुसती मेमरी बघून ११ जीबीचं जीटीएक्स १०८० टीआय उचलू नका. वरचे 'इंडियाना जोन्स' आणि 'डूम' दोन्ही रे ट्रेसिंगचं हार्डवेअर मागतात, आणि ते त्या कार्डात नाही.