रोबोटिक गुडघा, साधा गुडघा की स्टेम सेलचं इंजेक्शन: पॉलिसी नक्की कशाचे किती पैसे देते

माझ्या मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत, वय ६६, नाशिकला राहते, जिना चढणं बंद झालं तेव्हा शेवटी डॉक्टरांकडे नेलं. महिनाभरात तिच्यासमोर तीन पर्याय आले. एका सर्जननी नेहमीचं गुडघेबदल ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी तेच रोबोटने करू म्हणाले, आणि शेजारच्या काकूंनी एका क्लिनिकचं पत्रक आणून दिलं की गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, ऑपरेशनची गरजच नाही. मावशीचा प्रश्न एकच, "माझ्या पॉलिसीत यातलं काय बसतं?" तिच्याकडे आरोग्य संजीवनी आहे, ५ लाखांची, २०२० पासून न चुकता भरलेली. मी आणि मावसबहिणीने बसून पॉलिसीचं पुस्तक ओळीने वाचलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय कारण हाच घोळ अनेक घरांत चालू असणार.

आधी नियम काय ते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, एक परिपत्रक काढलं, त्यात १२ आधुनिक उपचारांची यादी दिली आणि कंपन्यांना सांगितलं की हे उपचार नवीन आहेत म्हणून कव्हर नाकारायचं नाही. रोबोटिक सर्जरी त्या यादीत आहे, स्टेम सेल थेरपीही आहे, डोळ्यातली इंजेक्शनं, तोंडाने घ्यायची केमो, प्रोस्टेटचं लेझर वगैरेही आहे. ऑक्टोबर २०१९ पासूनच्या नवीन पॉलिसींना हे लगेच लागू झालं आणि जुन्यांना २०२० पर्यंत बदलायला लावलं. म्हणजे आज कोणी तुम्हाला "रोबोटिक कव्हरच होत नाही" असं तोंडी सांगत असेल तर ते बरोबर नाही, लेखी मागा.

पण याच परिपत्रकाने कंपन्यांना सबलिमिट, म्हणजे एखाद्या उपचारापुरती वेगळी कमाल मर्यादा, लावायची मुभाही दिली, आणि खरा फरक तिथे पडतो. कव्हर आहे की नाही हा प्रश्न जवळपास सुटलाय, किती रुपयांपर्यंत आहे हा प्रश्न प्रत्येक पॉलिसीत वेगळा आहे.

बाजारात साधारण तीन तऱ्हा दिसतात. आरोग्य संजीवनीत, जी सगळ्या कंपन्यांना एकाच साच्यात विकावी लागते, या १२ उपचारांना मिळून सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या एकूण रकमेच्या, ५० टक्के मर्यादा आहे, शिवाय प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा. दुसऱ्या तऱ्हेत कंपनी प्रत्येक उपचाराला ठरावीक रुपयांचा आकडा लावते, तुमची पॉलिसी १० लाखांची असली तरी रोबोटिकला १ लाख असं काहीतरी, जुन्या पॉलिसींमध्ये आणि काही ऑफिसच्या ग्रुप पॉलिसींमध्ये हे बघायला मिळतं. तिसरी तऱ्हा म्हणजे पूर्ण सम इन्शुअर्डपर्यंत, नव्या महागड्या पॉलिसींमध्ये हे असतं पण तिथेही तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा, कारण मोठ्या अक्षरात "मॉडर्न ट्रीटमेंट कव्हर्ड" आणि खाली रोबोटिकला वेगळी ओळ असं असू शकतं.

आता मावशीचं गणित. दोन्ही गुडघे एकाच ॲडमिशनमध्ये, आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत. साध्या ऑपरेशनचं एस्टिमेट ४,५०,००० आणि रोबोटिकचं ६,००,०००. दोन्हीकडे साधारण २०,००० असे की जे पॉलिसी देतच नाही, ग्लोव्ह्ज, फाइल चार्ज, अशा वस्तू.

साधं ऑपरेशन केलं तर ४,३०,००० मान्य, त्यातून ५ टक्के को-पे जाऊन कंपनी ४,०८,५०० देणार, मावशीच्या खिशातून ४१,५००. रोबोटिक केलं तर मान्य ५,८०,००० पण मर्यादा ५ लाखांच्या निम्मी म्हणजे २,५०,०००, त्यातून पुन्हा ५ टक्के जाऊन २,३७,५०० मिळणार आणि खिशातून ३,६२,५००.

हे मी तीनदा तपासलं. ऑपरेशन दीड लाखाने महाग आणि खिशातला फरक ३ लाख २१ हजार, कारण रोबोट आला की फक्त रोबोटचे वरचे पैसे नाही तर आख्खं बिल त्या निम्म्या मर्यादेखाली जातं, आणि महाग ऑपरेशनला कंपनी उलट कमी पैसे देते. हे हॉस्पिटलच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, तिथे फक्त "रोबोटिकचे दीड लाख एक्स्ट्रा" एवढंच ऐकू येतं आणि माणूस त्यावर निर्णय घेतो. हेच ऑपरेशन तिसऱ्या तऱ्हेच्या १० लाखांच्या पॉलिसीत, को-पे नसेल तर, रोबोटिक करूनही खिशातून २०,००० च्या आसपास. आणि दुसऱ्या तऱ्हेत, रोबोटिकला १ लाखाची मर्यादा आख्ख्या क्लेमला लागली तर ५ लाख खिशातून.

"आख्ख्या क्लेमला लागली तर" हे मुद्दाम लिहिलंय, कारण वाद इथेच होतात. काही कंपन्या मर्यादा फक्त बिलातल्या रोबोटिक चार्जच्या ओळीला लावतात, काही पूर्ण बिलाला, आणि काही तिसरंच करतात, म्हणजे साध्या पद्धतीचा जो दर तेवढा देतात आणि वरचे "रीझनेबल अँड कस्टमरी" मध्ये, म्हणजे वाजवी आणि प्रचलित दरात, बसत नाहीत म्हणून कापतात. पॉलिसीतलं वाक्य संदिग्ध असतं, त्यामुळे आम्ही काय केलं तर हॉस्पिटलकडून एस्टिमेट फोडून मागितलं, इम्प्लांट वेगळं, सर्जनची फी वेगळी, रोबोटचा चार्ज वेगळा, आणि ते जोडून कंपनीला आणि टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला, मेल केला की या केसमध्ये मर्यादा कशाला लागेल ते लेखी कळवा. फोनवर विचारून उपयोग नाही, फोनवरचं उत्तर क्लेमच्या वेळी कोणी धरत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. ऑपरेशन रोबोटिक करायचं पण कागदावर साधं दाखवायचं. कृपा करून हे करू नका. ऑपरेशन नोट्समध्ये सगळं येतं, कंपनीने कागद मागवले की चुकीची माहिती दिली म्हणून पूर्ण क्लेम जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते, ६६ व्या वर्षी नवीन पॉलिसी कोण देणार.

वैद्यकीय बाजूने मावशीच्या सर्जननीच प्रामाणिकपणे सांगितलं की रोबोटने हाड कापायची आणि सांधा बसवायची अचूकता वाढते हे खरं, पण पाच-दहा वर्षांनी दुखणं आणि चालणं यात साध्यापेक्षा ठळक फरक पडतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. म्हणजे गुडघ्याच्या बाबतीत तरी साधं निवडलं म्हणून कमी उपचार घेतला असं होत नाही. प्रोस्टेट किंवा किडनीच्या कॅन्सरमध्ये हिशोब वेगळा असू शकतो, तिथे सर्जनने गरज का आहे ते लेखी दिलं तर तेच पत्र प्रीऑथला, म्हणजे कंपनीकडून आधी मंजुरी घ्यायच्या अर्जाला, जोडायचं.

आता स्टेम सेल. इथे लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, कारण यादीत "स्टेम सेल थेरपी" हे शब्द आहेत हे खरंच आहे आणि क्लिनिकवाले तेवढंच दाखवतात. पण त्या ओळीत पुढे लिहिलंय की रक्ताच्या आजारांसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये वापरल्या जाणाऱ्या, रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल. ल्युकेमिया, मायलोमा, ॲप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत जे ट्रान्सप्लांट होतं ते. गुडघा त्यात नाही, पाठीचा मणका नाही, मधुमेह नाही, मुलांचा ऑटिझम नाही.

या बाकीच्यांना नकार देताना कंपनी Excl16 हा कोड लावते, म्हणजे सिद्ध न झालेले उपचार. आणि हा नकार टिकतो, कारण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारच रक्ताचे आजार सोडून स्टेम सेलचा बाकी वापर अजून संशोधनात आहे, तो मान्यता घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. त्यात गुडघ्याचं इंजेक्शन देऊन संध्याकाळी घरी सोडतात म्हणजे ॲडमिशनचाही पत्ता नाही. मावशीच्या हातातल्या पत्रकावर "इन्शुरन्स सहाय्य उपलब्ध" असं छापलं होतं, मी फोन करून विचारलं की कुठल्या कंपनीचं कॅशलेस होतं, तर म्हणाले बिल देतो, तुम्ही रीइंबर्समेंट टाका. त्या एका वाक्यात उत्तर मिळालं मला. बिल मिळणं आणि क्लेम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खऱ्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटलाही संजीवनीत तीच निम्मी मर्यादा आहे, ५ लाखांच्या पॉलिसीत जास्तीत जास्त २,३७,५०० हातात, आणि दात्याकडून घेऊन केलेल्या ट्रान्सप्लांटचं बिल १० लाखांच्या पुढे सहज जातं. दात्याच्या तपासण्यांचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, तेही आधी विचारून ठेवा. म्हणून पॉलिसी निवडताना माझं मत असं की गुडघ्याच्या रोबोटसाठी जास्त प्रीमियम भरायची गरज नाही, पण ट्रान्सप्लांट किंवा इम्युनोथेरपीसारख्या उपचारांना पर्यायच नसतो, तिथे ही निम्मी मर्यादा घर मोडते, त्यासाठी मर्यादा नसलेली पॉलिसी घेणं योग्य.

तरुण आणि निरोगी असताना पॉलिसी पोर्ट करता येते, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येते, रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा, जुन्या सम इन्शुअर्डपुरता झालेला वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, मोजला जातो. मावशीला आता उशीर झालाय, ऑपरेशनचा सल्ला कागदावर आल्यावर दुसरी कंपनी घेईलच असं नाही. गुडघेबदलाला स्वतःचा वेटिंग पिरियड असतो हेही लक्षात ठेवा, आता तो जास्तीत जास्त ३६ महिने, जुन्या पॉलिसींत ४८ होता, मावशीचा कधीच संपलाय.

कंपनीने चुकीचं कापलं असं वाटलं तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुंबईला आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. स्टेम सेल इंजेक्शनसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही, पण मर्यादा रोबोटच्या ओळीला लावायची की आख्ख्या बिलाला या वादासाठी नक्की जावं.

आमच्या मेलला सहाव्या दिवशी उत्तर आलं, मर्यादा पूर्ण क्लेमला लागेल असं स्पष्ट लिहिलेलं. मावशीने साधं ऑपरेशन ठरवलंय, दिवसाला ५,००० च्या आतली खोली घेणार, कारण संजीवनीत खोलीभाड्याची तीच कमाल आहे आणि त्यावरची घेतली तर औषधांसारखे काही खर्च सोडून बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात. तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय.