थर्मल कॅमेरा घेऊन एक सीझन झाला: जिनिंगच्या पॅनेलवरचा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी इलेक्ट्रिकलचं काम बघतो. चोवीस डबल रोलर जिन, एक प्रेस, रुई ओढणारे पंखे, आणि या सगळ्याला पुरवठा करणारी जेमतेम बारा बाय दहाची पॅनेल रूम. दिवाळीआधी शेठच्या मागे लागून हातात धरायचा थर्मल कॅमेरा घेतला. २५६ बाय १९२ पिक्सेलचा, मध्यम किमतीतला. नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला वापरला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आमच्याकडे तपासायची जुनी पद्धत म्हणजे मामांचा हात आणि नाक. मामा आमचे जुने वायरमन. पॅनेलच्या दाराला बाहेरून हाताची पाठ लावायची, बेकेलाइट जळाल्याचा वास येतो का बघायचं आणि रविवारी सगळे बोल्ट आवळून टाकायचे. वास येईपर्यंत मात्र उशीर झालेला असतो. जिनिंगमध्ये तर पॅनेलच्या तळाशी दोन दिवसांत रुईचा पातळ थर बसतो. केबलच्या टोकाला बसवलेल्या लगवरून एक ठिणगी त्यावर पडली की पुढचं सांगायला नको.

कॅमेरा काय दाखवतो ते एकाच केसवरून सांगतो, कारण मी त्यातूनच शिकलो.

जिनच्या लाइनला जाणारा २५० अँपियरचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर आहे. त्याच्या आउटगोइंगला १८५ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा स्कॅन केलं तेव्हा कापसाची आवक कमी होती आणि निम्म्याच जिन चालू होत्या. प्रत्येक फेजला ७२ अँपियरच्या आसपास करंट. R, Y, B या तीन फेजपैकी Y फेजचा लग बाकी दोघांपेक्षा ८ अंशांनी गरम दिसला. आठच अंश, म्हणून मी सोडून दिलं. चूक झाली.

सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता ढोबळमानाने चौपट. डिसेंबरात सगळ्या जिन लागल्या, करंट १५० वर गेला आणि त्याच लगचं चित्र असं आलं: R ४६, Y ८३, B ४७. खोलीतली हवा २९. करंट क्लॅम्प मीटरने मोजला, तिन्ही फेजला ५ अँपियरपेक्षा जास्त फरक नव्हता. म्हणजे लोड सारखा, फरक ३७ अंशांचा. नोव्हेंबरचे आठ अंश चौपट केले असते तर याच्या जवळपासचा आकडा मला तेव्हाच कागदावर दिसला असता.

तेव्हापासून स्कॅनच्या प्रत्येक फोटोसोबत त्या वेळचा करंट वहीत लिहितो. करंटशिवाय नुसत्या तापमानाला काही अर्थ नाही. निम्म्याहून कमी लोडवर शक्यतो स्कॅनच करत नाही, आणि करावंच लागलं तर छोटा फरकही मोठा धरतो. परदेशी टेस्टिंग स्टँडर्डमध्ये एक तक्ता वापरतात. त्यात सारख्या लोडवरच्या सारख्या दोन भागांत १५ अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर लगेच दुरुस्ती असं धरलेलं आहे. आमचा त्याच्या दुपटीपेक्षा वर होता.

दोष सांध्यात आहे की दुसरीकडे, हे रंगाच्या उतारावरून कळतं. आमच्या चित्रात सर्वात जास्त तापमान लगच्या टोकाशी होतं आणि केबलवरून खाली येताना ते कमी होत जात होतं. दीड फुटावर Y फेज बाकीच्यांच्या बरोबरीला आलेली. उष्णता तयार होते एका जागी आणि तिथून पसरते, म्हणजे सांधा खराब. एका फेजची केबल पूर्ण लांबीभर सारखी गरम दिसली असती तर लोडचा असमतोल शोधला असता. तिन्ही सारख्याच गरम असत्या तर ओव्हरलोड किंवा केबल लहान.

रविवारी शटडाउन घेऊन मामांनी बोल्ट आवळला. सोमवारी Y ५८ वर आला. मामा म्हणाले, "बघा, तुमच्या लाखाच्या कामाला आमचा एक पाना पुरला." दहा दिवसांनी तोच लग ७६ वर. मग खोलला. लगची मागची बाजू काळी-निळी पडली होती, स्प्रिंग वॉशर चपटा होऊन बसलेला, आणि बॅरलवर, म्हणजे केबल दाबून बसवायच्या नळीवर, हातोडी-छिन्नीने ठोकून क्रिंप केल्याच्या खुणा होत्या. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं. तापलं-थंडावलं की अजून सरकतं आणि बोल्टचा दाब जातो. वरून हवा लागलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर येतो, तो वीज नीट वाहू देत नाही. असा खराब झालेला पृष्ठभाग नुसता आवळून सुधारत नाही. जास्त आवळलं तर ॲल्युमिनियम अजून पसरतं, एवढंच.

केबल चार इंच कापली, उघड्या तारा चकाकी येईपर्यंत घासून लगेच जॉइंटिंग पेस्ट लावली. एमसीसीबीची पट्टी तांब्याची म्हणून बायमेटल लग घेतला, योग्य डायच्या हायड्रॉलिक टूलने क्रिंप केला आणि पॅनेलवाल्याने दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला. टूल भाड्याने आणावं लागलं. पुन्हा १५० अँपियरला R ४७, Y ४९, B ४७. मार्चअखेर तसंच राहिलं. मामांनी त्यावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या लगला स्वतःच "ते टूल आणा" म्हणाले.

आता कॅमेरा कुठे फसवतो ते. माझ्या मते विकत घेणाऱ्याला हेच आधी सांगायला हवं, आणि दुकानदार हेच सांगत नाही.

चकचकीत धातू कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. कॅमेरा तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजतो. घासलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम स्वतःचे किरण फार कमी सोडतं आणि समोरच्या गोष्टींचे आरशासारखे परत फेकतं. जानेवारीत एका बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, ३५ अंश दाखवत होतं, म्हणजे वरवर सगळं ठीक. त्याच बसबारवर आदल्या शटडाउनला मी काळ्या इन्सुलेशन टेपचा दोन इंची तुकडा चिकटवून ठेवला होता. त्यावर कॅमेरा धरला तर ७०. पट्टी तीच, वेळ तीच. टेपवरचा आकडा खरा, कारण टेप किरण नीट सोडते आणि कॅमेऱ्यातली ०.९५ ही सेटिंग तिलाच लागू पडते. आता प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याजवळ टेपचा तुकडा आहे. अर्थात लाइन बंद करून, टेस्टरने खात्री करून लावलेला. चालू बसबारला टेप लावायला कोणी गेलं तर त्याला पॅनेल रूममधून बाहेर काढा.

याच्या उलटही होतं. एकदा मागच्या बसबारवर मस्त गरम डाग दिसला, मी घाबरलो. दोन पावलं डावीकडे सरकलो तर डागही सरकला. माझंच तोंड होतं ते.

दुसरी गोष्ट म्हणजे आवरण. ॲक्रिलिक शीट असो की काच, आपल्याला आरपार दिसतं, कॅमेऱ्याला नाही. तो शीटचंच तापमान सांगतो. आमच्या मेन पॅनेलचा बसबार चेंबर ॲक्रिलिकने झाकलेला आहे, आणि चालू लाइनवर ते शीट काढायची माझी तयारी नाही, कोणाची नसावी. मी एक जुगाड करतो. पूर्ण लोडवर दोन तास चालल्यावर मेन बंद, आयसोलेट करून व्होल्टेज नाही याची खात्री, अर्थिंग, आणि मग शीट काढून लगेच फोटो. जाड बसबार काही मिनिटं गरम राहतात. आकडे खरे मिळत नाहीत, कमी येतात, पण तीन फेजमधला फरक दिसतो. एसीबीच्या, म्हणजे मेन ब्रेकरच्या आतले संपर्क मात्र तरीही दिसत नाहीत. त्यांची गरमी बाहेरच्या टर्मिनलपर्यंत येते तेव्हा बरीच कमी झालेली असते, म्हणून तिथे छोट्या फरकालाही मी गंभीर धरतो.

पॅनेलचं दार उघडून चालू लाइनसमोर उभं राहणं हे स्वतःच धोक्याचं काम आहे, ते विसरू नका. सुती जाड कपडे, फेस शील्ड, एक माणूस मागे, आणि कॅमेऱ्याशिवाय हातात काही नाही. मी साधारण एक मीटरवर उभा राहतो. तेवढ्या अंतरावरून या कॅमेऱ्याला सेंटीमीटरभर जागेचं तापमान धड मिळतं. त्याहून लहान स्क्रू असेल तर तो शेजारच्या गार भागाशी मिसळून कमी आकडा देतो. कंट्रोल वायरिंगच्या बारीक टर्मिनलवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. आणि दार उघडायच्या आधी पॅनेलकडे तोंड केलेला पंखा दहा मिनिटं तरी बंद करा, नाहीतर गरम लग गार दिसतो.

आता कॅमेऱ्याबद्दलच्या तक्रारी. रंग आपोआप ताणून घ्यायची सेटिंग चालू असेल तर ३ अंशांचा फरकही लालभडक दिसतो. शेठनी असा एक फोटो बघून रात्री साडेदहाला फोन केला होता. रंगाची मर्यादा २५ ते ९० वर लॉक केली, तेव्हा शांतता झाली. दर मिनिटाला टक आवाज होऊन चित्र क्षणभर थांबतं, त्याची सवय होते. साधा फोटो आणि थर्मल चित्र जवळून एकावर एक बसत नाहीत, बोटभर सरकतात, त्यामुळे गरम लग नक्की कोणता हे ठरवायला साधा फोटोही वेगळा काढावा लागतो. बॅटरी सांगितली चार तास, मिळते अडीच.

एक अनपेक्षित फायदा मात्र झाला. कॅपॅसिटर पॅनेलमध्ये मी गरम शोधत होतो आणि सापडला गार. तीन कॅपॅसिटर ३८-४०, चौथा खोलीच्या तापमानाला. फ्यूज उडालेला, किती दिवसांपासून कोण जाणे. पॉवर फॅक्टर खाली का जातोय म्हणून आम्ही महिनाभर डोकं खाजवत होतो.

घ्यावा का, असं दोन-तीन जणांनी विचारलं. वर्षातून एकदा विम्यासाठी रिपोर्ट हवा असेल तर बाहेरचा माणूस बोलवा, तो स्वस्त पडतो. पण तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी तुमचा लोड किती असेल ते त्याच्या हातात नाही. सीझनचा कारखाना असेल आणि रोज पॅनेलजवळ जाणारा माणूस असेल तर स्वतःचा घ्या, सोबत क्लॅम्प मीटर आणि दहा रुपयांची काळी टेप. मला आता त्या बसबार चेंबरला इन्फ्रारेड आरपार जाऊ देणाऱ्या दोन खिडक्या बसवायच्या आहेत, म्हणजे शीट काढायची भानगड उरणार नाही. कोटेशन शेठच्या टेबलावर महिनाभर पडून आहे. पुढच्या कापसाआधी सही झाली तर कळवीन.