१० कोटींपर्यंतची चाळणी: बाइटचा अ‍ॅरे घ्यावा की बिटचा?

अविभाज्य संख्या शोधणाऱ्या एराटोस्थेनिसच्या चाळणीला प्रत्येक संख्येबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते, ती खोडली आहे की नाही. त्याला एक बिट पुरतो. तरी सीमध्ये पहिल्यांदा चाळणी लिहिणारा बहुधा `int` चा अ‍ॅरे घेतो, म्हणजे नेहमीच्या मशीनवर एका खुणेसाठी ३२ बिट. `bool` घेतला तरी बिट मिळत नाही, एक अख्खा बाइट जातो. स्ट्रक्टमध्ये `: 1` लिहूनही फायदा नाही, कारण अ‍ॅरेतला प्रत्येक स्ट्रक्ट निदान एका बाइटचा असतोच. बिट हवा असेल तर तो हातानेच काढावा लागतो.

मर्यादा १० कोटी धरली तर हिशेब असा:

| मांडणी | मेमरी |
|---|---|
| `int` | ४०० एमबी |
| `unsigned char` | १०० एमबी |
| प्रत्येक संख्येला एक बिट | १२.५ एमबी |
| फक्त विषम संख्यांना एक बिट | ६.२५ एमबी |

ही बचत फुकट नसते. बाइटच्या अ‍ॅरेत खूण करताना थेट १ लिहून मोकळं होता येतं; बिटच्या अ‍ॅरेत आधी बाइट वाचायचा, त्यातला बिट चढवायचा आणि बाइट परत लिहायचा. त्यामुळे मर्यादा १० लाख असेल तर बिटांच्या वाटेला जाऊ नका. तिथे बाइटचा अ‍ॅरे जेमतेम १ एमबीचा होतो आणि कोड वाचायलाही सोपा राहतो. १० कोटींना मात्र चित्र उलटं होतं. १०० एमबी बहुतेक प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाहीत, आणि मोठ्या अविभाज्य संख्येच्या पटी खोडताना जवळजवळ प्रत्येक उडीला मुख्य मेमरीची वाट पाहावी लागते. ६.२५ एमबी पुष्कळ मशीनवर कॅशमध्ये बसतात, म्हणून जास्तीची आकडेमोड करूनही बिटांची चाळणी बहुधा पुढे निघते.

तक्त्यातला तिसरा पर्याय आमच्या मते घेण्यासारखा नाही. बिटांची कटकट पत्करलीच आहे, तर सम संख्यांसाठी अर्धी जागा कशाला अडवायची?

विषम मांडणीत `k` क्रमांकाचा बिट म्हणजे `2k+1` ही संख्या. ७ च्या पटी खोडायला ४९ पासून सुरुवात होते. ४९ चा क्रमांक २४, म्हणजे बाइट ३, बिट ०. पुढची विषम पट ६३, तिचा क्रमांक ३१, म्हणजे त्याच बाइटचा बिट ७. मग ७७, क्रमांक ३८, बाइट ४, बिट ६. संख्या १४ ने वाढते, क्रमांक मात्र ७ नेच.

```c
uint64_t n = 100000000, m = (n + 1) / 2;
uint8_t *b = calloc(m / 8 + 1, 1);
if (!b) return 1;
for (uint64_t p = 3; p * p <= n; p += 2) {
    uint64_t k = p >> 1;
    if (b[k >> 3] & (1u << (k & 7))) continue;
    for (uint64_t j = p * p >> 1; j < m; j += p)
        b[j >> 3] |= 1u << (j & 7);
}
```

० म्हणजे अविभाज्य असं ठरवल्यामुळे `calloc` ने दिलेली कोरी मेमरी तशीच चालते. मोजताना `k = 1` पासून सुरू करा आणि २ साठी वेगळा एक धरा. उत्तर ५७,६१,४५५ यायला हवं. १० लाखांना ७८,४९८. एकाचाच फरक पडला तर १ मोजला गेलाय किंवा २ सुटलाय.

हाच अ‍ॅरे फंक्शनच्या आत स्थानिक म्हणून घोषित केला तर गंमत होते. लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा, त्यामुळे ६.२५ एमबी निभावून जातात. विंडोजवर तो मुळात १ एमबीचा असतो, म्हणून तोच प्रोग्राम तिथे सुरू होताच कोसळतो.

दुसरी चूक `int p` ची. बाहेरच्या लूपला वर्गमुळाची अट असेल तर १० कोटींसाठी `p` १०,००० च्या पुढे जात नाही आणि चूक झाकली जाते. अट न घालता `p` ला `n` पर्यंत पळू दिलं, तर ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ होतो. तो ३२ बिटांच्या `int` मध्ये मावत नाही, बहुधा ऋण आकडा मिळतो आणि खूण अ‍ॅरेच्या बाहेर पडते.

काम अनेक थ्रेडमध्ये वाटायचं असेल तर बाइटचा अ‍ॅरे जास्त सोशिक आहे. बिटांमध्ये दोन थ्रेडनी एकच बाइट एकदम उचलला की एकाची खूण दुसऱ्याच्या लिहिण्यात पुसली जाते आणि एखादी संयुक्त संख्या अविभाज्य म्हणून बाहेर येते, तीही दर वेळी वेगळी. प्रत्येक थ्रेडला बाइटच्या सीमेवर तोडलेला स्वतंत्र तुकडा दिला की हा प्रश्न उरत नाही.

आणि चाळून झाल्यावर सगळ्या अविभाज्य संख्या `uint32_t` च्या यादीत भरणार असाल, तर त्या यादीलाच २३ एमबी लागतील, म्हणजे चाळणीच्या साडेतीन पटींहून जास्त. बिटांवरूनच थेट पुढचं काम होत असेल तर यादी करू नका.