पितळी पातेलं, कल्हई आणि दही: वर्षभराच्या आसपास वापरल्यावर

सांगलीत गणपती पेठेतून कल्हई केलेलं पितळी पातेलं आणलंय, चार लिटरचं, रोज म्हशीचं दूध तापवायला. दुधासाठी मस्त आहे, जाड बूड असल्यामुळे दूध खाली लागत नाही आणि साय जाड येते. पण दही-ताकासाठी अजिबात नाही, कल्हई असली तरी नाही.

कारण साधं आहे, ताज्या दुधाचा पीएच साधारण 6.6 असतो, दही झालं की तो 4.5 च्या आसपास येतो, आणि त्या आंबटपणात पितळेतलं तांबं आणि जस्त दोन्ही सुटतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, तो मधे असेपर्यंत ठीक, पण काथ्याने घासघासून तो जातोच. माझ्या पातेल्यात सात-आठ महिन्यांनी बुडाशी कडेला पिवळे डाग दिसायला लागले, म्हणजे तिथं थेट पितळ उघडं. त्यातच एकदा पाहुण्यांनी उरलेलं ताक रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बघितलं तर ताक जिथवर होतं तिथं काठावर हिरवट-निळी रेघ, खाली मात्र फारसं काही नाही. तांबं सुटायला आंबटाबरोबर हवाही लागते, म्हणून आधी काठावरच दिसतं. चव एकदम तुरट-कडू, कळकलेली, सरळ ओतून दिलं. असलं पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात, आणि उकळून तांबं काही जात नाही.

मग कल्हईवाला शोधायला पंधरा दिवस गेले, आता फिरतात कुठं ते! भट्टीवर पातेलं तापवून नवसागर टाकला, कथील फिरवून कापसाने पुसलं, आतून परत चांदीसारखं. त्याला आधीच विचारून घ्या की कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नको. आणि पातेलं रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील 232 अंशालाच वितळतं.

सासूबाई म्हणतात तांब्याच्या कळशीतलं पाणी चालतं मग दूध का नाही? तर कल्हई नसलेल्या तांब्यात ताजं दूधसुद्धा साठवू नये, थोडंसं तांबं उतरलं तरी स्निग्धांश खवट व्हायला लागतो, आणि दूध कधी आंबेल ते आपल्याला आधी कुठं कळतं.

घरात जर्मनचं जुनं पातेलंही आहे. त्यात दूध उकळून लगेच काढलं तर काही होत नाही, पण दही-ताक ठेवलं की आतून काळपट पडतं आणि बारीक खड्डे पडतात, मग त्या खड्ड्यांत घाण अडकते ती वेगळीच कटकट.

सध्या आमच्याकडं दूध पितळीत तापतं, कोमट झालं की स्टीलमध्ये, विरजण चिनीमातीच्या सटात. ताक काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. चांगलं स्टील दह्यालाही चालतं, आमच्याकडं उन्हाळ्यात सट कमी पडला की त्यातच लावते.

पातेल्याला पाचपैकी चार, एक मार्क कल्हईच्या शोधाशोधीचा कापला.