पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील धोक्याचे फलक आणि फोटोवरून भाषांतर करणारे ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

पोर्तुगालच्या दक्षिणेला, आल्गार्व्हमध्ये, चुनखडीच्या कड्यांवरून जाणाऱ्या पायवाटांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या किनाऱ्यांवर मी गेले काही महिने फलकांचा फोटो काढून मराठी भाषांतर देणारे एक ॲप वापरत आहे. अक्षरे ओळखण्यात ते पक्के आहे. उन्हाने फिकट झालेला फलकही ते वाचते. मात्र धोक्याची तीव्रता मराठीत उतरवताना ते कमी पडते, आणि अशा ठिकाणी ही उणीव गंभीर आहे.

कड्याखाली नेहमी दिसणाऱ्या ‘पेरिगो द देर्रुकादा’ या फलकाचे भाषांतर मला ‘पतनाचा धोका’ असे मिळाले. ते वाचणाऱ्याला वाटेल की आपण वरून पडू शकतो, म्हणून तो निर्धास्तपणे कड्याच्या सावलीत चटई अंथरेल. खरा अर्थ आहे ‘दरड कोसळण्याचा धोका’, आणि सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला त्या एका शब्दाने वर पाहायला लावले असते. २००९ च्या ऑगस्टमध्ये आल्बुफेरा भागातील मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला, तोही ऐन सुट्टीच्या दिवसांत. कड्याच्या उंचीच्या साधारण दीडपट पट्टा तिथे धोक्याचा मानतात. म्हणजे वीस मीटरचा कडा असेल, तर पायथ्यापासून तीस मीटरच्या आत थांबू नये.

भाषा आपोआप ओळखण्याची सोय मी बंद ठेवते. फलकावर दोन-तीनच शब्द असले की ॲप त्यांना स्पॅनिश समजते आणि ‘अस्थिर कडा’ सांगणाऱ्या फलकातील ‘अरीबा’चा अर्थ ‘वर’ असा लावते. पोर्तुगीज स्वतः निवडल्यावर हा घोळ बराच कमी झाला. ‘अगेइरु’ या शब्दाबाबत मात्र भाषा निवडूनही उपयोग होत नाही. माणसाला किनाऱ्यापासून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहाचे ते नाव आहे, पण ॲप त्याला सरळ ‘गटार’ म्हणते. वाक्य विसंगत वाटले की मी तोच फोटो इंग्रजीतही पाहते आणि फलकावरील चित्राशी ताडून घेते. दोन्ही जुळत नसतील तर जीवरक्षकाला विचारते.

पाण्याविषयीच्या सूचनांत आणखी एक अडचण आहे. ‘बान्यू’ला मनाई असली की ॲप ‘आंघोळ करण्यास मनाई’ असे लिहिते, जणू साबण लावू नका एवढेच सांगायचे आहे. तिथे ‘पाण्यात उतरू नका’ हेच हवे. पिवळ्या बावट्याला पोहण्यास मनाई असते, पण काठाशी पाण्यात उभे राहता येते. लाल असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा असेल तर जीवरक्षक तात्पुरते जागेवर नसतात. हे बावटे फोटोतून ॲपला कळत नाहीत, म्हणून फलकाआधी मी बावटा पाहते.