१४ महिने चिमणी वापरल्यावर: आवाज तोच, ओढ गेली

आमच्याकडं चिमणी बसवून आता १४ महिने झाले. बेळगावात अनगोळला घर, स्वयंपाकघर लहान, आणि बायको डब्यांचं काम करते, म्हणजे रोज २५-३० डबे, सकाळी ६ ला कढई चढली की ११ पर्यंत फोडण्याच चालू. त्यामुळं दोघं-तिघं राहणाऱ्या घरात जे सहा महिन्यांनी दिसतं ते आमच्याकडं दीड-दोन महिन्यात दिसतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या चिमणीला लागू आहे. साधी ६० सेंटीमीटरची, तिरकी, आत दोन बॅफल फिल्टर, खाली तेल साठायची वाटी.

पहिले तीन महिने मी एकदाही फिल्टर काढला नाही, खरं सांगतो. बटण दाबलं की घर्रर्र आवाज यायचा, मला वाटायचं चालतीय की मस्त. मग एक दिवस आई म्हणाली, "फ्रिजवर हात फिरव बग जरा." फिरवला तर हात चिकट. फ्रिज शेगडीपासून चांगला ६ फूट लांब! मिक्सरचं झाकण, वरच्या कपाटाच्या दारांच्या कडा, सगळीकडं तो पिवळट चिकटा. आणि कांदा-लसणाच्या फोडणीचा वास थेट हॉलमध्ये. मला वाटलं मोटर गेली, वॉरंटी आहे तोवर बोलवून घेऊ म्हणून मेकॅनिकला बोलावलं.

तो आला, गोकाककडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. त्यानं काहीच उघडलं नाही आधी. माझ्याकडं एक कागद मागितला, चिमणी फुल स्पीडवर लावली आणि कागद फिल्टरला टेकवून सोडला. कागद पडला. मग दोन्ही फिल्टर काढून बाजूला ठेवले आणि तोच कागद आतल्या जाळीच्या तोंडाजवळ नेला, तर फटकन ओढून चिकटला. माझ्याकडं बघून म्हणाला, "मोटार चलो ऐत री, गाळीच इल्ल." म्हणजे मोटर चांगली आहे हो, हवाच येत नाही. व्हिजिटचे ४५० रुपये घेतले आणि गेला. राग आला तेव्हा, पण ती दोन मिनिटांची टेस्ट ४५० ला स्वस्तच पडली म्हणायची.

कारण यातली खरी गोम अशी आहे की आवाजावरून काहीच कळत नाही. उलट फसायला होतं. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवला की त्याचा आवाज अजून चढतो ना, तसंच हे. फिल्टर तुंबला की पंख्याला ढकलायला हवा कमी मिळते, मोटरवरचा भार हलका होतो, ती थोडी जास्तच जोरात फिरते आणि आवाज बारीक-तीक्ष्ण होतो. आपण म्हणतो वा काय पॉवर आहे. आणि हे एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं होतं, म्हणून कालच्यापेक्षा आज कमी ओढलं असं कधीच वाटत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. फिल्टर धुतले की त्याच दिवशी एक उदबत्ती पेटवतो, घरातला पंखा बंद, चिमणी एक नंबरवर, आणि फिल्टरच्या खालून हळूहळू लांब नेत बघतो की धूर कुठवर वर वळतो. स्वच्छ फिल्टरला आमच्याकडं दीड वीत लांबूनही धूर सरळ आत जातो. तीन आठवड्यांनी तेच अंतर एक वीत होतं, आणि एकदा लग्नसराईत सव्वा महिना धुतलंच नाही तेव्हा चार बोटांवर आलं होतं. तुमच्याकडं आकडा वेगळा येणार, पण तुमचा स्वतःचा धुतल्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्याच्याशीच तुलना करायची. बॉक्सवर तासाला १२०० घनमीटर हवा असं जे काही छापलेलं असतं ते डक्ट न लावता मोकळ्या हवेत मोजलेलं असतं, घरी ६ इंची पाईप आणि दोन वळणं घातल्यावर तेवढं येतच नाही.

दुसरी खूण म्हणजे तेलाची वाटी. बॅफलमध्ये काय होतं, पट्ट्या एकमेकांत अडकवल्यासारख्या वाकवलेल्या असतात, हवा वळत वळत जाते, तेलाचे थेंब जड असल्यामुळं वळत नाहीत, पट्टीवर आपटतात आणि ओघळून खाली वाटीत येतात. म्हणजे वाटीत तेल येतंय तर काम चालूय. आमच्या वाटीत दहा-बारा दिवसांत तळ झाकेल एवढं येतं. एकदा वाटी जवळजवळ कोरडी राहिली तर मी खूश, म्हटलं बायकोनं तेल कमी केलं! तसलं काही नव्हतं. फ्रेमच्या खालच्या कडेला तेल निघून जायला बारीक भोकं असतात ती घट्ट तेलानं बुजली होती, आणि सगळं तेल पट्ट्यांच्या आत साठून राहिलं होतं. काढताना अर्धा कप तेल माझ्या शर्टावर. तेव्हापासून धुताना ती भोकं टाचणीनं मोकळी करतोच.

आता धुण्याचं. मेन स्विच बंद, शेगडी गार, शेगडीवर पेपर पसरायचे. फिल्टर काढून आधी जुन्या वर्तमानपत्रानं जेवढं तेल पुसता येईल तेवढं पुसून घ्यायचं. ही पायरी कुणी करत नाही आणि मग सगळं तेल गरम पाण्याबरोबर मोरीत जातं, पाईपमध्ये गार होऊन बसतं, आणि महिन्यानं मोरी तुंबते. आमच्याकडं ते पेपर आई बंब पेटवायला घेते, भुरकन पेटतात. मग मोठ्या टबमध्ये साधारण १० लिटर कडक पाणी, उकळी येऊन खाली उतरवलेलं, त्यात तीन-चार मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड थोडं. हातात रबरी मोजे. अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशनं पट्ट्यांच्या आत. तीन आठवड्यांचं तेल असलं तर ब्रश लागतही नाही, नुसतं सुटून येतं. पण तीन महिन्यांचं असलं तर ते तेल राहिलेलंच नसतं, उष्णतेनं आळून वार्निशसारखा तपकिरी थर होतो, त्याला दोनदा पाणी बदलून भिजवावं लागतं आणि तरी कोपऱ्यात थोडं राहतंच. म्हणून उशिरा धुण्यात मेहनत दुप्पट नाही, चौपट होते. व्हिडिओत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवतात, ते बघायला छान, पण दोन्ही एकमेकांना मारतात, तेलाला काही करत नाहीत.

आणि हे सगळं स्टीलच्या बॅफलला. इथं अक्काची गोष्ट सांगायलाच पाहिजे. अक्का निपाणीला असते, तिच्या चिमणीला जाळीचे फिल्टर आहेत, ॲल्युमिनियमच्या बारीक जाळ्या एकावर एक. जाळीत तेल ओघळून जात नाही, अडकून बसतं, तिच्या वाटीत म्हणूनच कधी काही नसायचं आणि ती म्हणायची आमच्यात तेलच कमी. जाळी दर दहा-पंधरा दिवसांनी धुवावी लागते, तिनं चार महिने ठेवली. शेजारणीनं सांगितलं म्हणून मोरी साफ करायची कॉस्टिकची पावडर गरम पाण्यात टाकून जाळी बुडवली. फसफसून वर आलं, टब हाताला गरम लागायला लागला, पाणी काळं. फोन आला, "अरे ह्यातनं वाफा निघालेत की रे, काय करू?" मी म्हटलं खिडकी उघड, शेगडी पेटवू नकोस, टबपासून लांब हो. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातनं हायड्रोजन निघतो, पेट घेणारा वायू, आणि ही टब ठेवून बसलेली शेगडीशेजारी! जाळी बाहेर काढली तर काळी-राखाडी, बोटाला काळं लागतंय, आणि मधल्या थरात भोकं. गेली ती.

जाळीला धुण्याचा सोडासुद्धा नको, तोही काळं करतो. नुसतं कडक पाणी आणि भांड्याचं लिक्विड, जास्त वेळ भिजवायचं, घासायचं नाही, तारेची घासणी तर लावायचीच नाही कारण एकदा जाळी चेपली की तिथनं हवा जात नाही. मग उभी करून निथळायला ठेवायची आणि उन्हात पूर्ण वाळवायची, जाळीत पाणी राहतं आणि ओली बसवली की थेंब कढईत.

एक फसलेला प्रसंग माझाही आहे. जुलैमध्ये फिल्टर चकाचक धुतलेले, तरी उदबत्तीचा धूर एक वीतही वळेना. फिल्टर काढून बघितला तरी तेवढंच. म्हणजे फिल्टर नाही, हे कळलं. डक्ट, बाहेरची झडप, सगळं डोक्यात यायला लागलं, परत ४५० जाणार असं धरूनच चाललो. मग बायकोच म्हणाली की मागचं दार उघडून बघा. उघडलं आणि धूर वळला! आपल्याकडचा पाऊस माहितीय, जून ते सप्टेंबर सगळी दारं-खिडक्या बंद करून बसतो आम्ही, मग चिमणी बाहेर फेकणार ती हवा आत येणार कुठनं? आता पावसाळ्यात दाराला चार बोटं फट ठेवतो. दार उघडूनही ओढलं नसतं तर मात्र बाहेरच्या तोंडाची झडप तेलानं चिकटली का, किंवा कुणी पाली-चिमण्या येऊ नयेत म्हणून तिथं बारीक जाळी लावलीय का, हे बघायचं होतं. आतला पंखा, म्हणजे ब्लोअर, मी स्वतः उघडत नाही, वर्षातून एकदा मेकॅनिककडून.

अक्काला बॅफल बसवायचे होते पण तिच्या खाचेत जाडीच बसेना, त्यामुळं त्याच मापाच्या जाळ्या घेतल्या, लांबी-रुंदी-जाडी तिन्ही मोजून, आणि दोन जोड घेतले. एक चिमणीत, एक धुऊन वाळवून पोत्यात. दर दुसऱ्या रविवारी बदलते. परवा गेलो होतो तर कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात "जाळी" लिहिलेलं होतं, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच.